बाबांच्या ठेवीच्या निमित्ताने: दहा विधानं, चूक की बरोबर

प्रिय आई आणि बाबा,

ठेवीची मुदत संपत आली आहे आणि बाबा विचारत होते, महागाई उतरली म्हणतात, तर आता व्याजाचं काय समजायचं? फोनवर ते नीट सांगता येईना, म्हणून दहा विधानं लिहून पाठवते आहे. दोघांनी आधी चूक की बरोबर ते ठरवा, मगच पुढचं कारण वाचा.

१. महागाईचा दर ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या. चूक. भाव वाढतच आहेत, फक्त वाढीचा वेग कमी झाला: १०० चे १०८ झाले होते, त्यावर ५ टक्के म्हणजे आता ११३.४०.

२. ठेवीवर ७ टक्के व्याज आणि महागाई ६ टक्के असेल, तर खरी कमाई साधारण १ टक्का. बरोबर. व्याजातून महागाई वजा केली की जे उरतं तेवढीच तुमची खरेदीची ताकद वाढते.

३. वरच्या उदाहरणात व्याजावर २० टक्के कर बसला, तरी थोडा फायदा उरतोच. चूक. कर पूर्ण ७ टक्क्यांवर बसतो, महागाईने खाल्लेला भाग त्यातून कोणी वगळत नाही.

हे तिसरं विधान मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून हिशोब पूर्ण मांडते. १०० ठेवले, वर्षअखेर व्याज ७ आलं. त्यातले १.४० करात गेले, हातात १०५.६० राहिले. पण वर्षापूर्वी १०० ला मिळणाऱ्या त्याच वस्तूंना आता १०६ लागतात. म्हणजे पासबुकातला आकडा वाढला आणि तरीही तुम्ही चाळीस पैशांनी मागे पडलात. बाबा, ठेवीचा दर बघताना कर वजा करूनच महागाईशी ताडून बघा. आणि पुढच्या वर्षीची महागाई आज कोणालाच नक्की माहीत नसते, त्यामुळे हा हिशोब ठेव ठेवताना अंदाजाचाच असतो.

४. ठराविक दराची मुदत ठेव चालू असताना बाजारातले दर वाढले, तर तिचाही दर वाढतो. चूक. ठेवताना ठरलेला दर मुदतीपर्यंत तोच राहतो. दर उतरले तर हेच तुमच्या पथ्यावर पडतं.

५. व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांचा बाजारभाव पडतो. बरोबर. नव्या रोख्यावर ७ टक्के मिळत असताना ५ टक्क्यांचा जुना रोखा कोणी पूर्ण किमतीला घेत नाही. वर्षभराने १०५ देणाऱ्या रोख्याला आज साधारण ९८.१३ च मिळतील. मुदत संपेपर्यंत तो हातात ठेवला तर ठरलेले पैसे मिळतातच, म्हणून भाव पडला की घाबरून विकू नका.

६. मध्यवर्ती बँकेने दर वाढवले की पुढच्याच महिन्यात महागाई उतरते. चूक. कर्ज महागणं, खर्च कमी होणं आणि मग भाव थंडावणं, या साखळीला बऱ्याचदा वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतं.

७. माल कमी पडल्यामुळे भाव चढले असतील, तर व्याजदर वाढवून माल वाढतो. चूक. दरवाढ मागणी कमी करते, माल पिकवत नाही; फक्त ही भाववाढ इतरत्र पसरू नये म्हणून तिचा उपयोग होतो.

८. महागाई अचानक वाढली तर ठराविक दराने कर्ज घेतलेल्याला फायदा होतो. बरोबर. हप्ता तेवढाच राहतो आणि पैशाची किंमत घटते. त्याचं उत्पन्न वाढलं तरच मात्र हा फायदा त्याला जाणवतो.

९. महागाई सतत ६ टक्के राहिली तर बारा वर्षांत भाव जवळजवळ दुप्पट होतात. बरोबर. ७२ ला दराने भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं अंदाजाने मिळतात. आई, ठराविक रकमेच्या निवृत्तिवेतनाची मला काळजी वाटते ती याच गणितामुळे.

१०. जाहीर होणारा महागाईचा आकडा प्रत्येक घराला सारखाच लागू पडतो. चूक. तो सरासरी घराच्या खर्चावरून काढतात. ज्यांचा औषधपाण्यावर जास्त खर्च होतो त्यांचा आकडा वेगळा येतो.

म्हणून एक करा. नेहमी घेता त्या वस्तू आणि औषधं लिहून काढा. प्रमाण तेच धरून त्यांचा गेल्या वर्षीचा आणि आताचा खर्च मांडा. प्रमाण बदललं तर आकडा फसवा येईल, कारण जास्त घेतल्याने वाढलेला खर्च ही महागाई नव्हे. दोन्ही बेरजा मला कळवा, म्हणजे ठेव किती मुदतीची ठेवायची ते मुदत संपायच्या आत आपण ठरवू.

तुमची,
ताई