आधीच्या फेरीतील दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराच्या चुकीच्या हाताळणीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा
(भरती सल्लागार संस्था), पुणे

विषय : सप्लायर क्वालिटी इंजिनिअर पदासाठी आधीच्या उमेदवाराशी साधलेला चुकीचा संपर्क आणि आगाऊ रकमेचा परतावा.

महोदय,

चाकणमधल्या आमच्या प्लास्टिक मोल्डिंग कारखान्यासाठी गेली काही वर्षे आपण माणसे देत आहात आणि त्यातली बरीचशी टिकली आहेत. म्हणूनच या वेळी जे झाले ते फोनवर बोलून सोडून देता आले नाही.

जूनमध्ये सीनियर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी शेवटच्या फेरीत दोघे उरले होते. ग्राहकाच्या तक्रारी हाताळण्याचा, म्हणजे ८डी रिपोर्ट लिहून तो ग्राहकापुढे मांडण्याचा अनुभव ज्यांना जास्त होता, त्यांना आम्ही घेतले. दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या बाई व्हेंडरच्या बाजूने फार तयार होत्या. पुरवठादाराच्या शॉपफ्लोअरवर जाऊन ऑडिट करणे, पीपीएपीच्या फाइलमधले १८ घटक तपासणे, कंट्रोल प्लॅनमध्ये लिहिलेली तपासणी मशीनवर खरोखर होते का हे पाहणे, हे त्यांचे रोजचे काम होते. आमच्या मेलमध्ये मी तेव्हाच लिहिले होते, ‘व्हेंडर क्वालिटीची जागा निघाली तर पहिला फोन यांनाच.’

नोव्हेंबरमध्ये नेमकी तीच जागा निघाली. त्याच दिवशी मी आपल्याला कळवले की नवी जाहिरात नको, आधी या बाईंशी बोला. मी स्वतः फोन करू शकत नव्हते, कारण आपण दाखवलेल्या उमेदवाराशी १२ महिने थेट संपर्क करायचा नाही असे आपल्या करारातच आहे. दरवाजाची किल्ली आपल्याकडे असताना तो नीट उघडण्याची जबाबदारीही आपलीच ठरते.

पुढे काय झाले ते त्यांनी नकार कळवताना मला सविस्तर सांगितले. पहिला संपर्क म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक सामायिक निरोप, ‘डिअर कँडिडेट, अर्जंट ओपनिंग’ आणि खाली फॉर्मची लिंक. जूनमध्ये दिलेली सगळी माहिती पुन्हा भरायची. फॉर्म भरल्यावर फोन आला तो आपल्याकडच्या नव्या व्यक्तीचा, आणि पहिलाच प्रश्न होता, ‘मॅडम, या कंपनीत आधी कधी इंटरव्ह्यू दिलाय का?’ आपल्या सिस्टममध्ये त्यांच्या नावापुढे नुसते ‘रिजेक्टेड’ असे होते. पाच फेऱ्या पार करून शेवटच्या दोघांत आलेला माणूस आणि पहिल्याच चाळणीत गळालेला माणूस यांना एकच शिक्का! आमचा अभिप्राय आपल्या मेलबॉक्समध्ये असूनही उमेदवाराच्या नोंदीत गेला नाही, हे सगळ्या गोंधळाचे मूळ आहे.

त्यानंतर त्यांना लेखी चाचणी पाठवली गेली. तीच, जूनचीच. ब्रॅकेटचे तेच ड्रॉइंग, त्याच तीन डेटम, पोझिशन टॉलरन्सचा तोच प्रश्न. जूनमधली त्यांची सोडवलेली प्रत आमच्या क्वालिटी हेडनी लाल पेनाने तपासलेली आहे आणि तिच्यावर एकच जागा गोल केलेली आहे. तांत्रिक कस लागून झालेला होता. या वेळी फक्त क्वालिटी हेडबरोबर एक बैठक आणि एखाद्या व्हेंडरच्या केसवर चर्चा, एवढेच बाकी होते, आणि तसे मी लिहूनही दिले होते.

सर्वांत जास्त नुकसान पगाराच्या आकड्याने केले. आपण आम्हाला त्यांचा जूनचाच बायोडेटा पुढे पाठवला. त्यात सध्याचे सीटीसी ७ लाख २० हजार, अपेक्षा ८ लाख ४० हजार, नोटीस पिरियड ३० दिवस. त्या भरवशावर आम्ही ८ लाख ४० हजारांची ऑफर दिली. प्रत्यक्षात मधल्या काळात त्यांना बढती मिळाली होती, सीटीसी ८ लाख ३० हजार झाले होते आणि नोटीस पिरियड ९० दिवसांचा. म्हणजे नोकरी बदलून वर्षाला १० हजारांचा फायदा! कुणीही नाहीच म्हणणार. या जागेचे आमचे बजेट साडेनऊ लाखांपर्यंत होते आणि ते आपल्याला ठाऊक होते. ‘गेल्या पाच महिन्यांत तुमच्याकडे काय बदलले?’ एवढा एक प्रश्न फोनवर विचारला असता, तर आम्ही नऊच्या पुढची ऑफर काढली असती आणि ९० दिवसांपैकी काही दिवसांचा बायआउटही मान्य केला असता.

पैशापेक्षा त्यांना जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. जूनमध्ये निवड झाली नाही हे आपण त्यांना स्पष्ट सांगितलेच नाही. ‘प्रोफाइल होल्डवर आहे’ असे कळवले, आणि नंतर त्यांच्या दोन मेलना उत्तर नाही. नोव्हेंबरच्या फोनवर मात्र ‘तुमचे झाल्यातच जमा आहे, बाकी फॉर्मॅलिटी’ असे सांगितले गेले. असे वचन देण्याचा अधिकार आम्ही आपल्याला दिलेला नव्हता. एकदा हुकलेल्या माणसाला परत बोलावताना मागच्या वेळी नेमके काय कमी पडले, ही जागा वेगळी कशी आहे आणि किती जण स्पर्धेत आहेत, हे आधी खरे सांगावे लागते. हे खरे कारण ऐकले की माणसाला आपण तेव्हा का मागे पडलो आणि आज का आठवलो, हे दोन्ही कळते. नाहीतर ‘पहिला माणूस सोडून गेला म्हणून आता माझी आठवण’ असे वाटते. बाईंना नेमके हेच वाटले. जूनमध्ये घेतलेले इंजिनिअर आमच्याकडे उत्तम काम करत आहेत आणि ही जागा पूर्णपणे नवी आहे, हे त्यांना माझ्याकडून पहिल्यांदा कळले, तेही नकारानंतर.

जागा अजून रिकामी आहे. जानेवारीत दोन नवे पुरवठादार सुरू होत आहेत आणि त्यांच्या पहिल्या लॉटच्या पीपीएपी फाइल तपासायला सध्या आमचे क्वालिटी हेड स्वतः बसतात.

तेव्हा आमचे म्हणणे असे. या पदासाठी आगाऊ घेतलेले २५,००० रुपये आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी ४,५०० रुपये, मिळून २९,५०० रुपये, क्रेडिट नोट काढून १५ दिवसांत परत करावेत. या बाईंना आपल्या संस्थेकडून लेखी दिलगिरी जावी आणि त्यात जूनच्या निवडीचे खरे कारण असावे. त्याचा मजकूर मी पाठवते. त्यांच्याशी पुढे थेट बोलण्याची आम्हाला लेखी मोकळीक द्यावी आणि त्या कधी रुजू झाल्याच तर सीटीसीच्या ८.३३ टक्क्यांची नेहमीची फी लावू नये, कारण हे काम आता आम्ही करणार आहोत. आमच्या जागांसाठी शेवटच्या फेरीपर्यंत आलेल्या बाकी उमेदवारांच्या नोंदीही ‘रिजेक्टेड’मधून काढून आमच्या अभिप्रायासह वेगळ्या ठेवाव्यात आणि ती यादी आमच्याकडे पाठवावी. या उमेदवारांची माहिती इतके महिने जपून ठेवायला त्यांची संमती घेतली आहे का, तेही त्याच पत्रात कळवावे.

जूनचा अभिप्राय, नोव्हेंबरचा माझा मेल आणि आपण पाठवलेला जुना बायोडेटा यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मुदतीत उत्तर आले नाही तर करारातील तक्रार निवारणाच्या कलमानुसार पुढची नोटीस पाठवावी लागेल.

कळावे,

आपली,
मनुष्यबळ विभाग प्रमुख
(प्लास्टिक मोल्डिंग कारखाना), चाकण