इथे आल्यावर तुमचे सिनेमे कुठे जातील

फ्रायबुर्ग, जर्मनी

ती. बाबा व सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा बाबांनी विचारलं, "नेटफ्लिक्सचं खातं आमचं भारतातलं, पैसे रुपयांत भरतो, मग तिकडे आल्यावर सिनेमांची यादी का बदलावी?" फोनवर सगळं सांगणं जमलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, खातं तुमचंच राहील, पैसेही रुपयांतच कापले जातील. पण कुठले सिनेमे दाखवायचे हे नेटफ्लिक्स खात्यावरून ठरवत नाही. त्या वेळी तुम्ही कुठल्या देशाच्या नेटवर्कवर आहात, ते बघतं. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला आयपी पत्ता असतो आणि कुठले पत्ते कुठल्या देशात वापरले जातात याच्या याद्या तयार असतात. आमच्या घरच्या वायफायचा पत्ता जर्मनीतला, म्हणून तुमच्या फोनवरही जर्मनीचीच यादी उघडेल.

यामागे व्यवहार आहे तो हक्कांचा. निर्माता सिनेमा देशवार आणि ठरावीक मुदतीसाठी विकतो. भारतातले हक्क एकाने घेतले, तरी युरोपातले दुसऱ्याकडे असू शकतात, आणि मराठी सिनेमांच्या बाबतीत ते बऱ्याचदा कोणी घेतलेलेच नसतात. आई, तू सांगितलेला सिनेमा मला इथे सापडेना, तेव्हा मी तुला लगेच तिथे शोधायला लावलं होतं, आठवतं? तुझ्याकडे तो निघाला. म्हणजे मुदत संपून तो काढलेला नव्हता, फक्त इथले हक्क नव्हते. दोन्हीकडे सापडला नसता, तर मुदत संपली असावी असं म्हणता आलं असतं. भाषांचंही तसंच आहे. सिनेमा इथे असला तरी हिंदी आवाज किंवा इंग्रजी सबटायटल्स मिळतीलच असं नाही.

आता एक गंमत. तुमचं भारतातलं सिम रोमिंगवर असेल, तर त्याचा डेटा साधारणपणे आधी भारतातल्या कंपनीच्या यंत्रणेकडे जातो आणि तिथून इंटरनेटवर निघतो. त्यामुळे समोरच्याला पत्ता भारतातलाच दिसतो. मागच्या वेळी मी परतले तेव्हा फोनमध्ये तिथलं सिम चालू होतं. वायफाय बंद केलं, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडलं, तर भारतातली यादी समोर! वायफाय लावून पुन्हा उघडलं, तर जर्मनीची. फोन तोच, मी याच खोलीत बसलेली. पण बाबा, या वाटेने सिनेमे बघायचे मनात आणू नका. एचडीत तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, रोमिंगचा पॅक एका संध्याकाळीच संपेल. शेजारचे काका म्हणतात तसं, आपण दुसऱ्याच देशात आहोत असं भासवणारं व्हीपीएनही घालू नका. नेटफ्लिक्सने ते ओळखलं, की ज्यांचे जगभरचे हक्क त्यांच्याकडे आहेत तेवढीच नावं उरतात. म्हणजे आहे त्याहून कमी.

माझ्या जर्मन खात्याचा अनुभव मात्र वेगळा आहे. इथून फ्रान्समधलं कोल्मार आणि स्वित्झर्लंडमधलं बाझल दोन्ही जवळ. कोल्मारच्या हॉटेलच्या वायफायवर मला माझी जर्मन यादीच दिसते, कारण युरोपियन युनियनचा तसा नियम आहे. १ एप्रिल २०१८ पासून तो लागू झाला. पैसे भरून घेतलेली सेवा, युनियनमधल्या दुसऱ्या देशात तात्पुरतं गेलं तरी, घरच्यासारखीच मिळायला हवी. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, म्हणून बाझलच्या वायफायवर स्वित्झर्लंडची यादी येते आणि अर्धवट राहिलेली मालिका कधी कधी गायब होते. तुमचं खातं भारतातलं, त्यामुळे या नियमाचा तुम्हाला काही उपयोग नाही. हा नियम मला फार रास्त वाटतो. तीन महिने लेकीकडे आलेल्या माणसालाही त्याने पैसे भरून घेतलेली यादी मिळायला हवी.

प्राइम व्हिडिओवर थोडं निराळं दिसेल. परदेशात गेल्यावर ते मोजकीच नावं दाखवतं. क्रिकेटचं तर आणखी कडक. सामन्यांचे हक्क देशवारच विकलेले असतात, त्यामुळे भारतातल्या ॲपवर इथे सामना लागणार नाही. इथे हक्क कोणाकडे आहेत ते मी बघून ठेवते.

आई, तू डाउनलोड करून आणणार म्हणालीस ते विमानात बघून संपव. इथल्या वायफायला फोन जोडला, की जे सिनेमे जर्मनीत नाहीत ते डाउनलोड केलेले असूनही चालत नाहीत असं होऊ शकतं. शिवाय काहींची मुदत प्ले दाबल्यापासून ४८ तासांचीच असते, म्हणून निघण्याआधी घरी उघडून बघू नकोस. तुमच्या यादीतली नावं इथे दिसली नाहीत तरी काळजी नको, घरी परतल्यावर ती पुन्हा दिसतील.

बाबांना जे बघायचंच आहे त्याची नावं मला कळवा, मी इथे एकेक शोधून ठेवते. जी मिळणार नाहीत ती निघायच्या आधी तिथेच बघून घ्या.

तुमची,
छोटी