खडूच्या त्या चार रेघांबद्दल आभार

गेल्या मंगळवारी संध्याकाळी पुण्यात टिळक रस्त्यावर माझ्या बसला एक दुचाकी घासली. थांब्यावरून बस काढताना ती डावीकडून, फुटपाथ आणि बसच्या मधून आली. हँडल मागच्या चाकाच्या पुढच्या पत्र्याला लागलं आणि तो मुलगा पडला. कोपर खरचटलं, बाकी सुखरूप.

मागे हॉर्न वाजत होते, "गाडी बाजूला घ्या" म्हणून ओरडा चालला होता. तेव्हा शेजारच्या शिंप्याच्या दुकानातले काका आपला खडू घेऊन आले. बसच्या डाव्या बाजूची दोन्ही चाकं आणि दुचाकीची दोन्ही चाकं, जिथे होती तिथे त्यांनी रेघा मारल्या. एका ताईंनी आधी लांबून, मग जवळून फोटो काढले. मगच मी बस हलवली. एका आजींनी त्या मुलाची जखम स्वतःच्या बाटलीतल्या पाण्याने धुतली.

रात्री डेपोत अहवाल लिहायला बसलो. "दुचाकी अचानक आली" एवढंच लिहिलं तर त्याला काही अर्थ नसतो. रेघांमुळे मला लिहिता आलं, की बसचं पुढचं चाक उजवीकडे वळलेलं होतं, फुटपाथपासून मागचं चाक साधारण चार फुटांवर होतं, ओरखडा हँडलच्या उंचीवर होता. निघताना डावा आरसा मी एकदाच पाहिला, दुसऱ्यांदा नाही, हेही लिहिलं. ते खरं होतं.

काका, ताई, आजी, तुमची नावं विचारायची राहून गेली. मनापासून आभार.