फ्लॅट घेताना मे महिन्याचा हिशेब विचारा

महोदय,

नव्या घरांच्या जाहिरातींत ‘चोवीस तास पाणी’ हमखास असतं. ते खोटं म्हणता येत नाही, कारण गच्चीवरची टाकी भरलेली असली की नळाला पाणी येणारच. ती टाकी कशानं भरते, हे मात्र जाहिरातीत नसतं.

शंभर फ्लॅटची एक सोसायटी धरू. घरटी चार माणसं आणि माणशी रोज 135 लिटर, म्हणजे दिवसाला 54,000 लिटर. पालिकेचं पाणी सकाळी दोन तास येतं आणि मीटरप्रमाणे त्यात 24,000 लिटर मिळतं. बोअरवेल पावसाळा सरल्यावर 12,000 देते. उरलेल्या 18,000 लिटरसाठी दहा हजारांचे दोन टँकर लागतात. मेमध्ये बोअरचा पंप तासाभरातच कोरडा पडून 3,000 लिटरवर थांबला, की टँकर तीन होतात.

आता याच सोसायटीत चाळीसच कुटुंबं राहायला आलेली असताना फ्लॅट बघायला जा. रोजची गरज 21,600 लिटर. ती पालिकेच्या पाण्यातच भागते. तिथले रहिवासी ‘आमच्याकडे टँकर येत नाही’ असं सांगतात आणि ते खरंच असतं. म्हणून आधी किती घरांत माणसं राहतात ते विचारावं आणि मग सगळे फ्लॅट भरल्यावरचा हिशेब स्वतः मांडावा. जुन्या सोसायटीत हे सोपं आहे. गेटवरच्या रजिस्टरमधल्या एप्रिल-मेच्या टँकरच्या नोंदी आणि वार्षिक हिशेबातला पाण्याचा खर्च बघितला की पुरे.

पुरवठ्याच्या वेळेकडे लोक फार लक्ष देतात. पहाटे तीनला पाणी आलं तरी ते जमिनीखालच्या टाकीत पडत असेल, तर आपली झोप मोडत नाही. खरी अडचण दिवसाआड पाणी सुरू झाल्यावर येते. त्या दिवशी चार तासांत 48,000 लिटर यायचं असेल आणि टाकी 30,000 लिटरचीच असेल, तर ती भरताच फ्लोट व्हॉल्व्ह बंद होतो. पाणी लाइनला असतं, पण घ्यायला जागा नसते. फ्लॅटचा कार्पेट एरिया सगळे विचारतात. टाकी किती लिटरची, हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही.

टँकरवर फार विसंबण्यातही एक मेख आहे. पुष्कळ टँकर खासगी विहिरी-बोअरवरच भरतात. आपली बोअर आटते तेव्हा शेजारच्याही आटत असतात, आणि नेमकी तेव्हाच टँकरला मागणी वाढते.

काही ठिकाणी बांधकामाला परवानगी देताना, पालिकेचा पुरवठा सुरू होईपर्यंत पाणी आपण देऊ, असं हमीपत्र बिल्डरकडून घेतलं जातं. असं हमीपत्र दिलं असेल, तर त्याची प्रत बुकिंगआधी मागून घ्यावी. सोसायटीकडे कारभार आल्यावर टँकरचं बिल कोण भरणार, यावरून होणाऱ्या भांडणात तोच कागद लागतो.

आपल्या घरांच्या पुरवणीत प्रत्येक प्रकल्पाच्या माहितीत टाकीची क्षमता, नळजोडणीचा आकार आणि मेमधले टँकर असे तीन रकाने घालावेत, ही विनंती.

— एक वाचक