लांब प्रवासासाठी करून घेतलेल्या सीटच्या सदोष कामाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : मोटारसायकलच्या सीटचा फोम, जेल पॅड व कव्हर यांचे काम दुरुस्त करून मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या पुण्यातील कार्यशाळेत मी माझ्या मोटारसायकलच्या सीटला नवा आकार देऊन घेतला, त्यात जेल पॅड बसवून घेतला आणि वरून नवे कव्हर घालून घेतले. या कामाची पावती सोबत जोडली आहे. लांबच्या प्रवासात कंबर व माकडहाड दुखू नये, एवढाच या खर्चामागचा हेतू होता. प्रत्यक्षात कोल्हापूरला जाताना साताऱ्याच्या आधीच दुखणे सुरू झाले आणि ते कंपनीच्या मूळ सीटवर होत असे त्यापेक्षा जास्त होते.

हे असे का झाले, हे समजावे म्हणून मी नाना पेठेतील एका अनुभवी सीट कारागिराकडून कव्हर उघडून घेतले. प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढली असून तीही सोबत पाठवत आहे.

पहिला आणि सर्वांत गंभीर दोष फोममध्ये आहे. माझे पाय जमिनीला नीट टेकावेत म्हणून सीट थोडी खाली घ्यावी, असे आपल्याच कारागिराने सुचवले होते. त्यासाठी सीटच्या पुढच्या, टाकीलगतच्या भागाच्या दोन्ही कडा उतरवून तो भाग अरुंद करायला हवा होता, कारण पाय जमिनीपर्यंत पोचण्यात सीटच्या उंचीइतकाच मांड्यांमधल्या रुंदीचाही अडसर असतो. तसे न करता, ज्या जागी बैठकीच्या दोन हाडांवर शरीराचा भार येतो, नेमका तिथलाच फोम कापला आहे. तिथे आता जेमतेम एक इंच फोम उरला आहे आणि मुठीने जोरात दाबले की खालचा प्लॅस्टिकचा बेस बोटांच्या सांध्यांना लागतो. उरलेल्या फोमला पुढच्या बाजूस उतार राहिल्यामुळे ब्रेक मारताना मी टाकीकडे घसरतो आणि पुन्हा मागे सरकण्यात हातांवर ताण येतो.

दुसरा दोष जेल पॅडचा. जेल भार आडवा पसरवतो, पण तो फोमसारखा दबून पुन्हा वर येत नाही, म्हणून त्याच्याखाली भक्कम आधार लागतोच. पातळ फोमवर ठेवलेला जेल काही वेळाने भाराखाली बाजूला सरतो आणि हाडे पुन्हा बेसवरच येतात. शिवाय पॅडच्या आकाराची खाच फोममध्ये कापून तो पृष्ठभागाच्या पातळीत बसवायला हवा होता. आपण तो वरच चिकटवला आहे. त्याची कड मांडीखाली पायरीसारखी लागते आणि त्या कडेला गोंदाचा वाळून कडक झालेला पट्टा तर कव्हरवरूनही हाताला जाणवतो. जेलवर फोमचा पातळ थर नसल्याने, गाडी उन्हात उभी राहिली की तो तापतो आणि बराच वेळ तसाच गरम राहतो.

कव्हरसाठी कमी ताणले जाणारे जाड रेक्झिन वापरून ते इतके ओढून ठोकले आहे, की फोमला दबायला वावच राहिलेला नाही. उद्या आतला फोम कितीही चांगला घातला तरी या कव्हराखाली तो कडकच लागेल. मधली शिवण थेट बैठकीच्या जागेवरून गेली आहे. ती टोचते आणि तिच्या भोकांतून पावसाचे पाणी आत शिरते. सांगताना हे कव्हर जलरोधक असल्याचे सांगितले होते; उघडल्यावर शिवणीखालचा फोम ओला निघाला.

तरी माझी विनंती अशी आहे, की बैठकीच्या जागी कापलेला भाग बाजारात चिप फोम म्हणून मिळणाऱ्या घट्ट फोमने भरून काढावा, पृष्ठभाग जवळपास सपाट ठेवावा आणि उंची कमी करायची असल्यास ती पुढच्या कडा उतरवूनच करावी. जेल पॅड खाच करून बसवावा व त्यावर सुमारे अर्धा इंच मऊ फोम द्यावा. त्यावर पाणी अडवणारा पातळ थर आणि चारी बाजूंना ताणले जाणारे कव्हर असावे, ज्याची शिवण कडेने जाईल. कव्हर ठोकण्यापूर्वी मला सीटवर बसवून पाहावे. भार नेमका कुठे येतो हे तेव्हाच कळते आणि त्या वेळी फोम घासून दुरुस्त करणेही सोपे असते. हे पाहणे आपल्या कार्यशाळेत झालेच नव्हते.

हे काम पंधरा दिवसांत विनामूल्य करून द्यावे. ते शक्य नसल्यास पावतीवरील पूर्ण रक्कम परत करावी. या मुदतीत लेखी उत्तर न आल्यास मला ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीबाबत तक्रार दाखल करावी लागेल. काढलेले कव्हर, जेल पॅड आणि फोम मी जसेच्या तसे जपून ठेवले असून आपल्या प्रतिनिधीस ते केव्हाही पाहता येतील.

आपला,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे

सोबत : पावतीची प्रत, छायाचित्रे