लिहा म्हणता, पण थांबायचं कधी?

मा. संपादक,

कालच्या पुरवणीत ‘मन हलकं होईपर्यंत लिहीत राहा’ असा सल्ला वाचला. लेखिकेबद्दल आदर आहे, हेतूही चांगलाच असणार. पण ‘हलकं होईपर्यंत’ म्हणजे कधीपर्यंत, तेवढं सांगायचं राहून गेलं. मी हा प्रयोग सात आठवडे केला आहे. मी काही हलकी झाले नाही, वही तेवढी भरली.

भावाला अपघात झाला त्या रात्री, त्याआधी थोडा वेळ, त्याचा फोन येऊन गेला होता. मी उचलला नव्हता. पुढे मी रोज रात्री अंथरुणात बसून लिहायचे, कधी कधी दीड-दीड तास. नंतर पानं चाळली तर प्रत्येक पानावर तेच, ‘मी फोन उचलला नाही’. शाई बदलली होती, वाक्य नाही. याला मन मोकळं करणं म्हणत नाहीत, रवंथ म्हणतात.

शेवटी एका समुपदेशक बाईंनी वही उघडूनसुद्धा न पाहता विचारलं, “गजर लावता का?” मग त्यांनी आखून दिलं: सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, संध्याकाळी, झोपायच्या तोंडावर नाही. हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही. काही सुचलं नाही तर शेवटचं वाक्य पुन्हा लिहायचं. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली. त्यानंतर अर्धा तास कुठलंही काम ठेवायचं नाही.

पहिल्या दिवशी मी फक्त घडलं ते लिहिलं. फोन वाजला तेव्हा माझे हात साबणाचे होते, हे सात आठवड्यांत एकदाही लिहिलं नव्हतं! त्या संध्याकाळी मी आणखीच खचले. दुसऱ्या दिवशी मनातलं लिहायला बसले आणि बाहेर आला तो राग, तोही भावावरचा. तिसऱ्या दिवशी ‘कारण’ हा शब्द पहिल्यांदा आला: उचलला नाही कारण तो रोज त्याच वेळेला फोन करायचा आणि मी नेहमी नंतर उलट करायचे. चौथ्या दिवशी बाईंच्या सांगण्यावरून ‘मी’ सोडून ‘ती’ असं लिहिलं. ‘तिला कसं कळणार होतं?’ या वाक्यावर गजर झाला.

हे बाईंच्या मनातलं खूळ नव्हे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटंच लिहिलं होतं. कुणी नुसती घटना लिहिली, कुणी नुसत्या भावना, कुणी दोन्ही. पुढच्या काही महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या कमी दिसल्या त्या दोन्ही लिहिणाऱ्यांच्या. आणि लिहून उठल्याबरोबर तेच जास्त उदास होते. तुमच्या लेखात मात्र ‘लगेच बरं वाटेल’! ज्याला वाटणार नाही, तो बिचारा आपलंच काही चुकलं म्हणून आणखी तासभर लिहील.

पहिलं आणि चौथं पान शेजारी ठेवून बघावं. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता लक्षात येतंय’ असे शब्द वाढत गेले असतील तर गोष्ट पुढे सरकते आहे. पेनेबेकरांच्या पुढच्या अभ्यासांतही असे शब्द दिवसागणिक वाढलेल्यांनाच जास्त फायदा झालेला दिसला. चौथं पान पहिल्याचीच नक्कल असेल तर वही मिटावी आणि जाणत्या माणसाशी बोलावं. घटना अगदी ताजी असेल, किंवा लिहिता लिहिता झेपेनासं झालं, तर तो विषय त्या दिवशी सोडावा. एवढं करूनही सरासरी फायदा लहानच असतो. हा काही उपचाराला पर्याय नाही. हे दोन ओळींत छापता आलं असतं, त्या गुलाबी फुलांच्या आणि शाईपेनाच्या फोटोला अर्धं पान दिलं नसतं तर.

आणि लेखाखालची ती चौकट: ‘तुमची निवडक पानं आम्हाला पाठवा.’ अहो, कुणीतरी वाचणार आहे म्हटल्यावर भावावरचा राग मी लिहिला असता का? त्याच्या आठवणींचं गोड निबंधलेखन केलं असतं. माझं ते दुसरं पान मी त्याच आठवड्यात फाडून टाकलं. तसं करायची मुभा आधीच होती, म्हणून तर ते लिहिता आलं.

माझं मागचं पत्र आपण मधूनच कापलं होतं. याही वेळी जागा कमी पडली तर फोनचा परिच्छेद कापा, गजराचा तेवढा राहू द्या.

आपली,
एक जुनी वाचक