विषय : समोरच्याला माझा आवाज न जाणे, तपासणी न करताच ‘दोष नाही’ असा शेरा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनशी अर्धा तास बोलून फोन ठेवला. हा चौथा फोन. सात महिन्यांपूर्वी घेतलेल्या तुमच्या मोबाइलवरून बोलताना समोरच्याला माझा आवाज तुटत जातो. त्यांचा मला नीट येतो. स्पीकर लावला की त्यांनाही माझा स्वच्छ ऐकू जातो.

सीताबर्डीच्या तुमच्या सेवा केंद्रातल्या मुलाने फोन हातात घेतला, स्पीकर लावला, शेजारच्याला फोन केला, “येतोय ना आवाज?” म्हणाला आणि जॉबशीटवर ‘दोष आढळला नाही’ लिहिलं. मी म्हटलं, बाबा, स्पीकरवर येतोच, कानाला लावून बघ. तो म्हणाला, “मॅडम, तुमचा आवाजच बारीक आहे. जोरात बोलत जा.” मी बावीस वर्षं वर्गात शिकवलं आहे, साठ मुलांच्या. शेवटच्या बाकावरच्या पोरालाही माझा शब्द ऐकू जायचा. रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती.

मग मी घरीच तपासलं. कव्हर काढलं, फरक नाही. स्पीकरवर बोलताना वरच्या कडेचं बारीक भोक बोटाने दाबलं, तर आवाज जाणं बंद झालं. म्हणजे स्पीकरला तो वरचा मायक्रोफोन चालतो. तुमच्या मुलाने तपासला तो हाच. चार्जिंगच्या खाचेशेजारचं खालचं भोक दाबून रेकॉर्डिंग केलं, तर दाबण्याआधी आणि नंतर आवाज सारखाच मिणमिणता. ते आधीच बुजलेलं आहे. आमच्या उन्हाळ्यातली धूळ कुठेही जाऊन बसते.

आवाज का तुटतो, तेही कळलं. घरी दिवसभर कूलर चालतो. दोन मायक्रोफोनपैकी तोंडाजवळच्यात आवाज मोठा आला, तरच तुमचं नॉइज कॅन्सलेशन त्याला बोलणं समजतं. खालचा बुजला, की माझं बोलणं कूलरच्या घरघरीसोबतच गाळलं जातं. सेटिंगमधून ते बंद केलं, तर आवाज बारीक पण सलग गेला. फोन तुमचा, हे तुम्हाला ठाऊक असायलाच हवं होतं.

त्या खालच्या भोकातली जाळी साफ करायला सुई घालायला सांगू नका. ती सिमच्या भोकासाठी. इथे घातली तर मायक्रोफोनच फुटेल आणि मग तुम्ही वॉरंटी नाकाराल.

माझी मागणी : माझ्यासमोर फोन कानाला लावून, कूलर-पंख्याच्या आवाजात तपासा. खालची जाळी साफ करा. तरीही आवाज गेला नाही तर मायक्रोफोनचा भाग वॉरंटीत बदला. जॉबशीटवरचा ‘दोष आढळला नाही’ हा शेरा लेखी दुरुस्त करा. आवाज बारीक म्हणणाऱ्याकडून माफीही हवी आहे.

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. दोन्ही रेकॉर्डिंग जपून ठेवली आहेत. आमच्या घरातला हा तुमच्या कंपनीचा तिसरा फोन. मुलीसाठी चौथा घेणार होतो, तो आता घेणार नाही.

एक ग्राहक, नागपूर